लाखाला हजार : मोठं डिपॉझिट की मोठं भाडं?

ठाणे, कल्याण, मीरा रोड या पट्ट्यात भाड्याचं घर शोधणाऱ्या माणसाला दलाल दुसऱ्या-तिसऱ्या घरापाशी एक प्रश्न हमखास विचारतो : "हेवी डिपॉझिटमध्ये बघायचंय का?" म्हणजे घरमालकाला एकदम आठ-दहा लाख रुपये द्यायचे आणि दरमहा भाडं निम्मं भरायचं, कधी कधी तर नावापुरतं. घर सोडताना ती सगळी रक्कम परत मिळते. म्हणून पुढचं वाक्यही ठरलेलं असतं : "पैसे तुमचेच आहेत, परत येणार. राहणं जवळजवळ फुकटच पडतं."

या "फुकट" शब्दापाशी आधी थांबायला हवं. दहा लाख रुपये दोन वर्षं दुसऱ्याच्या हातात राहिले, तर त्या दोन वर्षांचं त्यांचं व्याज हेसुद्धा भाडंच आहे. ते बँकेच्या खात्यातून दरमहा वजा होताना दिसत नाही, एवढाच फरक. हे राज्य सरकारला पक्कं ठाऊक आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क आकारताना नुसतं भाडं धरत नाहीत, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज काढून तेही भाड्यात मिळवतात आणि त्या एकूण रकमेवर पाव टक्का शुल्क लावतात.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत हाताशी ठेवू. समजा, ठाण्यात एकाच इमारतीत दोन सारखे वन बीएचके फ्लॅट आहेत. पहिल्याचं डिपॉझिट ६० हजार आणि भाडं २० हजार. दुसऱ्याचं डिपॉझिट १० लाख ६० हजार आणि भाडं १० हजार. करार दोन वर्षांचा. दोन्हींत फरक काय, तर दहा लाख रुपये जास्त द्यायचे आणि महिन्याचे दहा हजार वाचवायचे. दलालांच्या तोंडी "लाखाला हजार" असा जो हिशेब असतो, तो हाच : डिपॉझिटमध्ये एक लाख वाढवा, भाड्यात एक हजार कमी. वर्षाचा विचार केला तर दहा लाखांवर एक लाख वीस हजार, म्हणजे १२ टक्के.

दोन घरांची तुलना करताना हा दर काढणं हे पहिलं काम. डिपॉझिटमधला फरक आणि वर्षभराच्या भाड्यातला फरक, एवढे दोनच आकडे लागतात. बाकी फर्निचर, मजला, पार्किंग यांनी डोकं भंडावण्याआधी हा दर वहीत लिहून ठेवावा. कुठे तो १२ येतो, कुठे १५ आणि कुठे फक्त ८. आठ आला तर त्या घराचा विचार पुढे नेण्यात अर्थ नाही, कारण जवळपास तेवढं व्याज बँकही देते आणि तेही कुणाच्या मिनतवाऱ्या न करता.

आपल्या उदाहरणात १२ आला आहे. तेच दहा लाख बँकेत ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले, तर वर्षाला सत्तर हजार येतील. त्यावर आयकर आहे. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकर धरून १४,५६० रुपये जातील आणि हातात ५५,४४० उरतील. भाड्यात वाचलेल्या एक लाख वीस हजारांवर मात्र कर नाही, कारण ते उत्पन्न नव्हे, टळलेला खर्च आहे. तेव्हा मोठं डिपॉझिट देणारा वर्षाला ६४,५६० रुपयांनी पुढे राहतो. महिन्याचं बोलायचं तर कमी डिपॉझिटच्या घरात व्याज वजा जाता खरा खर्च १५,३८० पडतो आणि मोठ्या डिपॉझिटच्या घरात १०,०००. महिन्याला पाच हजार तीनशे ऐंशी रुपये ही मध्यमवर्गीय घरात लहान रक्कम नाही. मोठ्या डिपॉझिटचं आकर्षण खोटं नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करतो.

पण हा हिशेब दोन ठिकाणी सहज फिरतो. पहिलं म्हणजे पैसे कुठून आले. साठवलेले असतील तर वरचा हिशेब बरोबर आहे. ते वैयक्तिक कर्ज काढून १४ टक्क्यांनी आणले, तर १२ टक्के वाचवण्यासाठी १४ भरतो आहोत आणि घरमालकाच्या गरजेचा हप्ता आपण फेडतो आहोत. दुसरं म्हणजे घरभाडे भत्ता. जुन्या करप्रणालीत असलेल्या नोकरदाराला भरलेल्या भाड्यातून मूळ पगाराचा दहावा हिस्सा वजा करून उरलेल्या रकमेपर्यंत सूट मिळू शकते. मूळ पगार पन्नास हजार आणि भत्ता वीस हजार असेल, तर वीस हजार भाड्यावर महिन्याला पंधरा हजारांची सूट बसते. भाडं दहा हजार झालं की सूट पाच हजारांवर येते. वर्षाला एक लाख वीस हजारांवर जादा कर, म्हणजे २४,९६० रुपये. चौसष्ट हजारांचा फायदा एकदम एकोणचाळीस हजार सहाशेवर उतरतो. नव्या करप्रणालीत ही सूटच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नही नाही.

इथवर गणित झालं, आणि बहुतेक लोक इथेच थांबून निर्णय घेतात. मला वाटतं खरा प्रश्न इथून सुरू होतो. बँक सात टक्के देते आणि घरमालक बारा टक्के, असं का? कारण बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे पाच लाखांपर्यंत विमा आहे आणि ठेव मोडायची ठरवली तर ती त्याच दिवशी मोडता येते. घरमालकाला दिलेले दहा लाख हे तारण नसलेलं कर्ज आहे. "डिपॉझिट" या शब्दामुळे आपल्याला ते सुरक्षित ठेवल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आपण एका जवळजवळ अनोळखी माणसाला दोन वर्षांसाठी दहा लाख उसने दिले आहेत आणि त्याच्या घरात राहतो आहोत. लिव्ह अँड लायसन्सनं त्या घरावर आपला कोणताही हक्क तयार होत नाही, फक्त ठरावीक काळ वापरायची परवानगी मिळते. पागडीच्या भाडेकरूला असतं तसं कायद्याचं कवचही इथे नाही.

म्हणून घर बघायला जाताना दुसरा प्रश्न घरमालकाबद्दलचा असला पाहिजे : याला हे पैसे कशासाठी हवे आहेत? तो विचारण्यात काही वावगं नाही. दहा लाख उसने देणारा माणूस एवढं विचारणारच. काहींना त्याच घरावरचं कर्ज फेडून टाकायचं असतं. ही सगळ्यांत बरी परिस्थिती, कारण आपले पैसे बँकेत जातात, घर मोकळं होतं आणि परतफेडीची वेळ आली तेव्हा मालकाच्या हाती बोजा नसलेली मालमत्ता असते. भाडं थकवणाऱ्या भाडेकरूंना कंटाळून मोठं डिपॉझिट घेणारे आणि ते बँकेत ठेवणारेही असतात. ज्याला धंद्यात पैसे घालायचे आहेत, लग्नकार्य उरकायचं आहे किंवा आधीच्या भाडेकरूचं डिपॉझिट परत करायचं आहे, त्याच्याकडे दोन वर्षांनी दहा लाख कुठून येणार? उत्तर एकच असतं : पुढच्या भाडेकरूकडून. म्हणजे आपलं डिपॉझिट अजून न आलेल्या माणसाच्या खिशात आहे. पुढचा माणूस लवकर मिळाला नाही, किंवा तो आठ लाखांच्या वर जायला तयार झाला नाही, की आपले पैसे अडकले.

हे पूर्ण देशाच्या पातळीवर कसं होतं, ते दक्षिण कोरियात दिसलं. तिथे जोन्से नावाची जुनी पद्धत आहे. घराच्या किमतीच्या निम्मी किंवा त्याहूनही जास्त रक्कम दोन वर्षांसाठी मालकाकडे ठेवायची आणि मासिक भाडं द्यायचं नाही. मालक एकाचं डिपॉझिट दुसऱ्याच्या डिपॉझिटमधून परत करत. २०२२ नंतर व्याजदर चढले, घरांच्या किमती घसरल्या आणि नवे भाडेकरू तेवढी रक्कम देईनासे झाले. असंख्य तरुण कुटुंबांची आयुष्यभराची बचत अडकली आणि २०२३ मध्ये तिथल्या संसदेला पीडितांसाठी खास कायदा करावा लागला. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की कोरियात भाडेकरूनं पत्ता आणि करार सरकारदरबारी नोंदवला, तर घराचा लिलाव झाल्यावर नंतरच्या देणेकऱ्यांआधी त्याला पैसे मिळायची सोय आहे, डिपॉझिटचा विमाही मिळतो. तरीही हे झालं. आपल्याकडच्या हेवी डिपॉझिटला ना तो अग्रक्रम आहे ना विमा.

अग्रक्रम नसणं म्हणजे नेमकं काय, ते कर्ज असलेल्या घरात कळतं. मालकानं फ्लॅट बँकेकडे गहाण ठेवलेला असतो आणि हप्ते थकतात. बँक सरफेसी कायद्याखाली त्याला साठ दिवसांची नोटीस देते. ती मालकाच्या पत्त्यावर जाते, त्यामुळे घरात राहणाऱ्याला बहुधा पत्ताच नसतो. त्याला पहिल्यांदा समजतं ते दारावर ताब्याची नोटीस चिकटते तेव्हा. गहाण आधीचं आणि आपला करार नंतरचा, त्यामुळे बँकेपुढे आपलं काही चालत नाही. डिपॉझिट मागायचं ते मालकाकडे, आणि मालक तर आधीच बुडालेला.

हे टाळायचं तर पैसे देण्याआधी थोडी पायपीट करावी लागते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या फ्लॅटचा इंडेक्स टू काढून मालक कोण ते पाहावं. सोसायटीच्या कार्यालयात जाऊन भाग प्रमाणपत्र कुणाच्या नावावर आहे आणि मेंटेनन्स थकला आहे का, ते विचारावं. सचिव बोलके असतील तर त्या घराबद्दल दहा मिनिटांत जे कळतं ते कागदांत सापडत नाही : गेल्या तीन वर्षांत किती भाडेकरू बदलले, जाताना कुणाचा वाद झाला होता का. कर्ज आहे का, हे मालकालाच सरळ विचारावं आणि असल्यास खात्याचा ताजा उतारा मागावा. गहाण मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या सरसाई या केंद्रीय नोंदवहीत थोडी फी भरून स्वतःलाही शोध घेता येतो. कर्ज शिल्लक असेल आणि आपल्या डिपॉझिटमधून ते फिटणार असेल, तर रक्कम थेट कर्जखात्यात भरण्याची आणि बँकेचं "बाकी नाही" पत्र मिळाल्यावर राहायला येण्याची अट घालता येते. प्रामाणिक मालकाला यात अडचण वाटण्याचं कारण नाही.

आणखी एक फसवणूक मुंबईच्या उपनगरांत वर्षानुवर्षं चालत आली आहे आणि ती घरमालकाची नसते. एखादा एजंट मालकाकडून फ्लॅट साध्या मासिक भाड्यानं घेतो आणि तोच फ्लॅट आपल्याला मोठ्या डिपॉझिटवर देतो. काही महिने तो मालकाला नियमित भाडं भरतो, म्हणून दोन्ही बाजू शांत असतात. मग एक दिवस कार्यालयाला कुलूप लागतं. मालक दारात येऊन म्हणतो, मला भाडं मिळालेलं नाही, घर रिकामं करा. आपण दहा लाखांची पावती दाखवतो, पण ती मालकाची नसते. याची खूण एकच आणि ढळढळीत आहे : पैसे मालकाच्या खात्यात न मागता एजंटच्या किंवा त्याच्या फर्मच्या खात्यात मागितले जातात. मालक परदेशात आहे, आजारी आहे, कुलमुखत्यारपत्र दिलं आहे, असं काहीही सांगितलं तरी मालकाशी प्रत्यक्ष बोलणं झाल्याशिवाय आणि त्याच्याच खात्याचा क्रमांक मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

आता कागदाकडे येतो. माझ्या मते या सगळ्या व्यवहाराचा कणा इथे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरायचं असंही हे कलम सांगतं.

पण मोठ्या डिपॉझिटच्या व्यवहारात एक तिसराच प्रकार चालतो. करार नोंदवतात, मात्र त्यात डिपॉझिट साठ हजार दाखवतात आणि उरलेले दहा लाख "बाहेरून" घेतात. "कशाला उगाच स्टॅम्प ड्यूटी वाढवायची?" असं म्हणतात. हे ऐकलं की मी लगेच आकडे मांडतो. दहा लाखांवर १० टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज दोन लाख. त्यावर पाव टक्का, म्हणजे पाचशे रुपये. पाचशे रुपये वाचवायला दहा लाख कागदाबाहेर ठेवायचे! मालकाला तो आकडा कागदावर नको असतो तो वेगळ्याच कारणांसाठी. आपल्यासाठी मात्र हा प्रकार करार मुळीच न नोंदवण्यापेक्षा वाईट आहे, कारण आता आपणच सही आणि अंगठा लावलेला सरकारी दस्त सांगतो आहे की डिपॉझिट साठ हजार आहे. उद्या कोर्टात त्याच्याविरुद्ध आपल्यालाच झगडावं लागेल. रोखीचं तर नावही काढू नये. एकाच व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यानं बंदी आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

पूर्ण आकडा दाखवला, तर आपल्या दोन घरांचं मुद्रांक शुल्क किती येतं ते पाहण्यासारखं आहे. कमी डिपॉझिटच्या घराचं सुमारे १,२३० रुपये आणि मोठ्या डिपॉझिटच्या घराचं सुमारे १,१३०. शंभर रुपयांचा फरक. शासनाच्या लेखी ही दोन्ही घरं जवळजवळ सारख्याच भाड्याची आहेत.

करारात डिपॉझिटच्या परताव्याचं कलम बहुधा एका ओळीचं असतं : "मुदत संपल्यावर विनाव्याज परत." साठ हजारांना ती ओळ पुरते, दहा लाखांना पुरत नाही. ठाण्यातच माझं डिपॉझिट एकदा चार महिने अडकलं होतं. रक्कम याहून पुष्कळ लहान होती, तरी नव्या घरासाठी भावाकडून उसने घ्यावे लागले. मालक वाईट माणूस नव्हता. त्याला पुढचा भाडेकरू मिळत नव्हता, एवढंच. चाव्या मी आधीच देऊन बसलो होतो, त्यामुळे फोन करण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

चाव्या अडवून धरणं हाही सरळ उपाय नाही. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो आणि करारातल्या भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाईही. डिपॉझिट मिळालं नाही ही आपली तक्रार खरी असली, तरी तिच्या वसुलीसाठी वेगळा दिवाणी दावा करावा लागतो आणि त्याला वर्षं लागतात. म्हणून या वेळेची तरतूद सही करतानाच लिहून घ्यायची. माझा आग्रह अशा कलमाचा असतो : घराचा ताबा आणि डिपॉझिटचा परतावा एकाच दिवशी, एकाच वेळी होईल. मालकानं त्या दिवशी पूर्ण रक्कम दिली नाही, तर ती मिळेपर्यंत राहणाऱ्याला भाडं किंवा भरपाई न देता घरात राहता येईल, आणि थकलेल्या रकमेवर ठरलेल्या दरानं व्याज लागेल. रंगकाम, तुटफूट यांसाठी जास्तीत जास्त किती कापायचं, तोही आकडा लिहावा. दहा लाखांतून चाळीस हजार "पेंटिंगचे" कापले, तर चार टक्के गेले, आणि ज्या फायद्यासाठी हे घर घेतलं त्यातला मोठा वाटा तिथेच संपला.

मग घ्यायचं कुठलं? आपल्या उदाहरणात वर्षाचे ६४,५६० रुपये ही सगळी जोखीम उचलण्याची मजुरी आहे. घर कर्जमुक्त असेल किंवा आपल्याच पैशानं होणार असेल, मालक भेटलेला असेल, पूर्ण रक्कम नोंदणीकृत करारात आणि बँकेतून बँकेत जाणार असेल आणि दहा लाख दिल्यावरही सहा महिन्यांच्या खर्चाइतके पैसे हाताशी उरत असतील, तर ती मजुरी पुरेशी आहे, मी ते घर घेईन. घरातली सगळी पुंजी तीच असेल, तर मी वीस हजारांचं घर घेईन, कारण दवाखान्याची वेळ आली तर मुदत ठेव मोडता येते, घरमालक मोडता येत नाही. मात्र मग ती ठेव खरंच ठेवावी लागते. कमी डिपॉझिट निवडून उरलेले पैसे गाडीत घातले, तर वरचा हिशेब कोसळतो.

दलाल सहसा सांगत नाहीत, पण या दोन टोकांच्या मध्ये जागा आहे. लाखाला हजार हा दर दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणून डिपॉझिट तीन लाखांनी वाढवून भाडं सतरा हजार मागता येतं. मालकाला थोडी रक्कम मिळते आणि आपली जोखीम त्याला परत करता येण्याजोगी राहते. पगारातून तीन लाख जमवणं मालकालाही जमतं, त्यासाठी त्याला पुढच्या भाडेकरूची वाट पाहावी लागत नाही. घर सोडण्याच्या दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी, पुढचा भाडेकरू बघायला आला की घर नीट दाखवावं. शेवटच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं, वीजबिल आणि मीटरचा फोटो झाला, भिंती पाहून झाल्या, की मालकासमोरच बसावं. मोबाईलवर पैसे जमा झाल्याचा संदेश आला, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक दिसली, मग चाव्या द्याव्यात.